‘लुकिझम’ला मराठीत काय म्हणावं?

‘लुकिझम’ला ‘रूपवाद’ म्हटलं तर चालेल का? दिसण्यावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध कायदा हवा असं म्हणतात, त्यात कोणता शब्द बसेल? – फोंड्याहून एक वाचक

‘रूपवाद’ नको. समीक्षेत तो शब्द आधीच अडकला आहे, आशयापेक्षा घाटाला महत्त्व देणाऱ्या विचाराला आपण रूपवाद म्हणतो. शिवाय ‘वाद’ म्हटलं की कुणीतरी मानलेलं मत डोळ्यांपुढे येतं, आणि इथे तर वागणुकीचा प्रश्न आहे. जातिभेद, रंगभेद, लिंगभेद यांच्या ओळीत ‘रूपभेद’ सहज बसतो. मूळ इंग्रजी शब्द 1970च्या दशकात अमेरिकेत, जाड माणसांच्या हक्कांच्या चळवळीत रुळला, म्हणजे तोही वागणुकीवरच बोट ठेवणारा होता. ‘रूपभेद’चा एक अर्थ ‘निराळं रूप’ असाही आहे, पण वाक्यात गोंधळ होत नाही.

कायद्यात मात्र मी ‘देहरूप’ म्हणेन. इंग्रजी ‘लुक’मध्ये दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत: अंगाचं रूप आणि माणसाने केलेली टापटीप. मराठीत ‘रूप’ वेगळं, ‘पेहराव’ वेगळा. आपल्या घरात ‘रूपाने बेताची, पण राहते कशी नीटनेटकी’ असं म्हणतात. (ते कानाला टोचतंच, पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे बोलणाऱ्याला ठाऊक असतं.) कायद्याची सारी मदार याच फरकावर आहे.

माझ्या ओळखीतली डिचोलीची एक मुलगी घ्या. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली, कोंकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी चारही भाषा सफाईने बोलणारी. हातांवर आणि हनुवटीवर कोड. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात रिसेप्शनची जागा निघाली, जाहिरातीत ‘प्रेझेंटेबल’ हवी असं लिहिलं होतं. मुलाखत छान झाली आणि नोकरीही मिळाली, पण आतल्या खोलीत फोनवर बुकिंग घेण्याची. पाहुण्यांना ती दिसू नये, एवढंच कारण. ते कुणी लिहून दिलं नाही.

तिने कुठे दाद मागावी? राज्यघटनेच्या कलम 15 मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान ही कारणं आहेत, रूप नाही. शिवाय त्यातली भेदभावाची मुख्य मनाई सरकारवर आहे, खासगी हॉटेलने नोकरी कुणाला द्यावी हे त्यातून ठरत नाही. अपंग हक्क कायदा 2016 मध्ये अ‍ॅसिडहल्ल्यातले पीडित, कुष्ठरोगातून बरे झालेले आणि बुटकेपणा असलेले आहेत. कोड त्या यादीत नाही. तिला कुठलंही काम करता येतं, म्हणून ती अपंग नाही. आणि अपंग नाही म्हणून तिला संरक्षण नाही.

हीच मुलगी अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये असती तरी हात चोळत बसली असती, कारण तिथल्या 1976च्या कायद्यात दिसण्यापैकी फक्त उंची आणि वजन आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात तिला दार उघडं असतं. तिथली व्याख्या उंची, वजन, आकारमान ‘किंवा शरीराची इतर वैशिष्ट्यं’ अशी आहे. त्या कायद्याने नाटक, मॉडेलिंग अशा कामांना सूट दिली आहे, आणि ती रास्त आहे. वॉशिंग्टन शहराचा कायदा देहाबरोबर पेहराव आणि केशरचनाही धरतो, पण मग गणवेश, स्वच्छता, धंद्याला लागणारे नियम यांना वाट द्यावी लागते, आणि त्या वाटेने मालक निसटू शकतो.

म्हणून माझं मत व्हिक्टोरियाच्या बाजूला झुकतं. देहरूप कायद्यात असावं, पेहराव नसावा. हॉटेलने साडी नेसायला सांगावं, नखं कापलेली असावीत म्हणावं. हनुवटीवरचा डाग कापता येत नाही.

‘पाहुण्यांना आवडत नाही’ हा बचाव हमखास येतो. प्रवाशांना विमानात सेवेला बायकाच आवडतात, असं पॅन अ‍ॅम कंपनीने अमेरिकेतल्या कोर्टात म्हटलं होतं, पुरुषांना ते काम नाकारण्यासाठी. 1971 मध्ये अपील कोर्टाने ते धुडकावलं: विमान सुरक्षित नेणं हे कंपनीचं मूळ काम, गिऱ्हाइकाची आवड हे नव्हे. तो खटला लिंगभेदाचा होता, पण हाच तर्क रिसेप्शनलाही लागू होतो. तिथलं मूळ काम आलेल्याची नोंद करणं, त्याचं म्हणणं ऐकणं, खोली देणं.

अडचण पुराव्याची. ‘प्रेझेंटेबल’ हा शब्द काहीच कबूल करत नाही. म्हणून जाहिरात जपून ठेवावी, रिसेप्शनवर शेवटी कोण लागलं आणि तिचं शिक्षण किती हे पाहावं, नकाराचं कारण लेखी मागावं. कायदा झालाच तर कारण लेखी देण्याची सक्ती त्यात हवी, नाहीतर ‘देहरूप’ हा शब्द कागदावरच राहील. आणि जाहिरात मराठीत लिहिणाऱ्याने ‘प्रेझेंटेबल’च्या जागी जे हवं तेच लिहावं: ‘गणवेश नीटनेटका ठेवणारी, चार भाषा बोलणारी’. त्या मुलीकडे दोन्ही होतं.