बाँडच्या भावापेक्षा जास्त पैसे का गेले?

प्रश्न: ८ टक्के व्याजाचा बाँड ९८.५० भावाने घेतला, दर्शनी मूल्य १,००,०००. म्हणजे ९८,५०० जायला हवे होते, पण खात्यातून १,००,७०० गेले. हे वरचे २,२०० दलालाने कशाचे घेतले?

उत्तर: ते दलालाने घेतलेले नाहीत, विक्रेत्याला मिळाले आहेत, आणि पुढच्या कूपनमधून, म्हणजे सहामाही व्याजाच्या हप्त्यातून, तुमच्याकडे परत येतील.

कूपनसाठी मालक निश्चित करण्याच्या तारखेला बाँड ज्याच्या नावावर असेल, त्याला सहामाहीचे संपूर्ण व्याज मिळते. मधल्या काळात बाँड विकणाऱ्याच्या वाट्याचे, साचलेले पण अजून हाती न आलेले व्याज म्हणूनच खरेदीदाराकडून आधी वसूल केले जाते. पडद्यावर दिसणारा भाव या व्याजाशिवायचा असतो. त्यात व्याज मिळवले की पूर्ततेची, म्हणजे पैसे आणि बाँड प्रत्यक्ष हस्तांतरित होतानाची, रक्कम होते. दलाली आणि कर त्याहून वेगळे, सौदापत्रात स्वतंत्र ओळीत दाखवलेले असतात.

समजा, कूपन १५ जानेवारी आणि १५ जुलैला असते, सौदा २२ एप्रिलला झाला आणि पूर्तता २४ एप्रिलला. ३०/३६० पद्धतीत प्रत्येक महिना ३० दिवसांचा धरतात, त्यामुळे १५ जानेवारी ते २४ एप्रिल हे तीन महिने नऊ दिवस, म्हणजे ९९ दिवस होतात. वर्षाचे व्याज ८,००० असल्याने ८,००० × ९९ ÷ ३६० = २,२००. नेमका तुमचाच आकडा. १५ जुलैला ४,००० जमा होतील; त्यांतले २,२०० तुम्ही आधीच दिलेले आणि उरलेले १,८०० तुमची ८१ दिवसांची खरी कमाई. ते चार हजार सगळेच उत्पन्न समजणे ही इथली सर्वांत सहज होणारी चूक आहे.

हिशेब पडताळताना दोन गोष्टी नीट पाहाव्यात. व्याज दर्शनी मूल्यावर मोजतात, तुम्ही दिलेल्या भावावर नव्हे. आणि दिवस पूर्ततेच्या तारखेपर्यंत मोजतात, सौद्याच्या नव्हे. मी पहिल्यांदा सौद्याची तारीख धरली होती, त्यामुळे दोन दिवसांचे व्याज जुळेना आणि मी उगाच दलालावर संशय घेतला. तरीही आकडा थोडा वेगळा येत असेल, तर दिवस मोजण्याची पद्धत तपासा: वर्ष ३६५ दिवसांचे धरले, तर याच ९९ दिवसांचे व्याज २,१६९.८६ होते. कोणती पद्धत लागू आहे, ते बाँडच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते.

कधीकधी व्याजाच्या ओळीत वजा चिन्हही दिसते. कूपनसाठी मालक निश्चित करण्याची तारीख उलटल्यानंतर, पण कूपनच्या आधी पूर्तता झाली, तर पूर्ण कूपन विक्रेत्यालाच जाते. म्हणून काही बाजारांत उरलेल्या दिवसांचे व्याज तुमच्या रकमेतून वजा करतात.