पत्र आरोपपत्रासारखं नको, बोलावणं वाटू दे

प्रश्न: वकीलसाहेब, मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. १०२ च्या छताला ओल येते, ते म्हणतात २०२ चं बाथरूम गळतंय. मी २०२ ला पत्र दिलं, 'आपल्या बाथरूमच्या गळतीमुळे १०२ ला झालेल्या त्रासाबाबत खुलासा करण्यासाठी रविवारी सकाळी १० वाजता चेअरमनसमोर हजर राहावे.' त्यांनी पत्र घेतलंच नाही, म्हणाले मी काय आरोपी आहे का. चेअरमन आणि १०२ वाले जुने मित्र आहेत हेही खरं. आता परत कसं बोलावू?

उत्तर: २०२ वाले चिडले त्यात मला नवल वाटत नाही, कारण गळती कुठून होते हे अजून कुणी तपासलेलंच नाही आणि तुमच्या पत्रात मात्र ते ठरून गेलंय. ओल बाथरूमच्या फरशीतून येऊ शकते, भिंतीतल्या कॉमन पाइपातून येऊ शकते, बाहेरच्या भिंतीच्या भेगेतूनही येऊ शकते, आणि पाइप कॉमन निघाला तर वाद दोन शेजाऱ्यांचा राहतच नाही, सोसायटीच त्यात येते. म्हणून पत्रात दोघांनाही नाकारता येणार नाही तेवढंच लिहायचं, म्हणजे '१०२ च्या छताला ओल दिसते'. बस. 'खुलासा', 'हजर राहावे' हे शब्द काढून टाका, ते नोटिशीचे आहेत.

दुसरं म्हणजे पत्र एकच, मजकूर शब्दन्‌शब्द तोच, दोघांच्या नावाने, एकाच दिवशी दोघांच्या हातात. सोसायटीच्या ग्रुपवर अजिबात टाकू नका, तिथे टाकलं की बाकीचे चाळीस जण मत द्यायला मोकळे. आधीच्या पत्राचं समर्थनही करत बसू नका, ते मागे घेतलं एवढी एक ओळ पुरे.

आता खरा अडचणीचा मुद्दा, मीटिंग कोण चालवणार. चेअरमन कितीही सरळ माणूस असले तरी मैत्री आहे म्हटल्यावर २०२ वाले त्यांचं ऐकणार नाहीत, आणि पुढे हाच विषय कमिटीपुढे आला तर तिथे ते मत देणार, म्हणजे डबल अडचण. तुम्हीही नको, पहिलं पत्र तुमच्या सहीचं आहे. दोघांशी घरोबा नसलेली आणि खर्चात हितसंबंध नसलेली दोन-तीन नावं काढा आणि जे नाव दोघंही लेखी मान्य करतील तेच ठेवा. ती व्यक्ती निकाल देणार नाही, फक्त दोघांना पुरतं बोलू देईल, हे पत्रातच लिहा, नाहीतर लोक पंचायत समजून पुरावे आणि साक्षीदार घेऊन येतात.

वेळ तुम्ही ठरवून कळवली की तो हुकूम वाटतो, दोन पर्याय द्या, आणि संपायची वेळसुद्धा लिहा. जागा दोघांच्याही घराबाहेरची. सोबत माणूस आणायचा तर दोघांनाही एकेकच, आणि एकाचा वकील येणार असेल तर दुसऱ्याला आधी कळलंच पाहिजे.

मी असं लिहिलं असतं:

'प्रति, घर क्र. १०२ आणि घर क्र. २०२ (क्रम फक्त घर क्रमांकानुसार). यापूर्वी २०२ यांना दिलेलं पत्र मागे घेत आहोत. १०२ च्या छताला ओल दिसते. तिचं कारण अजून तपासलेलं नाही. ते कसं तपासायचं आणि तोपर्यंत काय करायचं यावर आपण दोघांनी समोरासमोर बोलावं अशी विनंती आहे. वेळ: शनिवारी संध्याकाळी ६ ते ७.३० किंवा रविवारी सकाळी ११ ते १२.३०, दोघांना जमेल ती. जागा: सोसायटीचं ऑफिस. बैठक आपण दोघांनी मान्य केलेली व्यक्ती चालवेल, सोबत तीन नावं दिली आहेत. त्या व्यक्तीला निर्णय देण्याचा अधिकार नसेल. येणं ऐच्छिक आहे. आल्याने कुणी चूक मान्य केली असं होत नाही आणि कुणाचाही कायदेशीर हक्क कमी होत नाही. बैठकीतलं बोलणं गोपनीय राहील, रेकॉर्डिंग होणार नाही. वेळ आणि नाव गुरुवारपर्यंत कळवावं.'

तारखा तेवढ्या घाला. 'चूक मान्य केली असं होत नाही' हे वाक्य गाळू नका, बहुतेक लोक त्याच भीतीने येत नाहीत. गोपनीयतेचं नुसतं पत्रात असून भागत नाही, बैठक सुरू होताना दोघांच्या सह्या त्याच अटीखाली घ्या, पण फोटो, प्लंबरचा रिपोर्ट असे आधीपासूनचे कागद त्याने झाकले जात नाहीत.

एवढं करूनही २०२ वाले नाही म्हणाले तर 'सहकार्य केले नाही' असं मिनिट्समध्ये लिहू नका, 'बैठक झाली नाही' एवढंच लिहा. आणि १०२ वाल्यांना हे सांगा की बोलणी चालू आहेत म्हणून कोर्टात जायची मुदत आपोआप थांबते असं धरून चालू नका. ओल लाइटच्या पॉइंटपर्यंत आली असेल तर मात्र मीटिंगची वाट बघायची नाही, त्या पॉइंटची लाइन आजच बंद करून इलेक्ट्रिशियन बोलवा, पैसे कुणी द्यायचे ते नंतर बघता येईल.