छोट्या सहली की मोठी सुट्टी? आधी सदस्यत्वाचं बघा

प्रश्न : आम्ही दोघं पुण्यात नोकरी करतो. हातात महिना दीड लाख येतात. वर्षात चार-पाच वेळा शनिवार-रविवार जोडून महाबळेश्वर, अलिबाग, तारकर्ली करतो, साधारण लाखभर जातात. सव्वा वर्षापूर्वी हॉलिडे क्लबचं २५ वर्षांचं सदस्यत्व साडेचार लाखांना घेतलं. ५० हजार रोख, ४ लाख कर्ज (१५ टक्के, ४ वर्षं, हप्ता ११,१००). देखभाल शुल्क वर्षाला १८ हजार. नको झालं तर विकता येईल असं सांगितलं होतं. वर्षाला सात रात्री मिळतात, पण शनिवार-रविवारी बुकिंग मिळत नाही. पैसे वसूल करायला आता एकच मोठी सुट्टी घ्यावी का? ५ लाखांची एफडी आहे.

उत्तर : सुट्टी कशी घालवायची हे सध्या तुम्ही नाही, क्लब ठरवतो आहे. आधी तो प्रश्न सोडवू.

साडेचार लाख ७ टक्क्यांच्या एफडीत असते, तर वर्षाला सुमारे साडेएकतीस हजार व्याज आलं असतं. त्यात देखभाल शुल्काचे १८ हजार मिळवा. जवळजवळ ५० हजार झाले. भागिले सात, म्हणजे रात्रीला सात हजार. जेवण वेगळं, प्रवास वेगळा आणि कर्जाचं व्याज यात धरलेलंच नाही. तेवढ्या पैशांत मधल्या वारी चांगलं हॉटेल मिळतं, तेही हव्या त्या गावी, हव्या त्या तारखेला. शिवाय देखभाल शुल्क कायम १८ हजार राहणार नाही. वर्षाला ६ टक्क्यांनी वाढलं तरी बारा वर्षांत दुप्पट होईल आणि मुदत संपता संपता सत्तर हजारांच्या वर जाईल. ‘आजच्या भावात २५ वर्षं सुट्टी’ असं सांगून सदस्यत्व विकणारे नेमकं हेच सांगत नाहीत.

विकता येईल ही आशा सोडा. अशी जुनी सदस्यत्वं कमी भावातही सहज खपत नाहीत. ‘तुमच्यासाठी गिऱ्हाईक आहे, आधी नोंदणी फी भरा’ असा फोन आला तर एक पैसाही देऊ नका. ‘थोडे पैसे वाढवा, वरच्या सीझनचं सदस्यत्व घ्या, मग बुकिंग मिळेल’ यालाही नाहीच म्हणा.

आता कर्ज. हप्ता थांबवू नका. कर्ज क्लबचं नसून वित्तसंस्थेचं आहे. हप्ता चुकला तर क्लबचं काही बिघडत नाही, तुमचा सिबिल बिघडतो. पंधरा हप्ते गेले असतील तर अजून जवळपास ३ लाख मुद्दल बाकी आहे आणि त्यावर पुढे सुमारे ६८ हजार व्याज जाईल. एकीकडे १५ टक्के देताय, दुसरीकडे एफडीवर ७ टक्के घेताय, त्यावरही कर भरताय. मुदतपूर्व फेडीचं शुल्क विचारा. ते ४ टक्के, म्हणजे १२ हजार असलं तरी एफडीतले ३ लाख काढून कर्ज मिटवा. एफडीचं बुडालेलं व्याज धरूनही तीसेक हजार वाचतात. मोकळा झालेला हप्ता दरमहा आरडीत टाका. सव्वादोन वर्षांत एफडीचा खड्डा भरून निघेल. तोवर उरलेल्या दोन लाखांना हात लावू नका, कारण अडीअडचणीला तेवढेच आहेत.

त्याच आठवड्यात करारातलं रद्द करण्याचं कलम वाचा. प्रवेश शुल्क म्हणून मोठा भाग बहुधा कापला जातो, उरलेलं न वापरलेल्या मुदतीच्या प्रमाणात परत मिळू शकतं. बुकिंग नाकारल्याचे ईमेल, स्क्रीनशॉट आणि विक्रेत्याचे व्हॉट्सॲप मेसेज गोळा करा आणि सदस्यत्व रद्द करून परतावा द्या असं लेखी कळवा. उत्तर टोलवाटोलवीचं आलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मग जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार पुण्यातच करता येते; मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. पण तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. खरेदीपासून मोजलं तर तुमच्याकडे नऊ महिने आहेत, त्यामुळे रेंगाळू नका.

आणि सहली? पाच छोट्या सहलींत दहा दिवसांना लाख, म्हणजे दिवसाला दहा हजार. विमानाने हिमाचलला नऊ दिवस गेलात तर सव्वा लाखाच्या आसपास, दिवसाला तेरा-चौदा हजार. म्हणजे छोट्या सहलीच स्वस्त; त्यांचा खर्च वाढतो तो शनिवारच्या भावामुळे. वर्षात तीनच करा, त्याही रविवारी दुपारी निघून मंगळवारी परत, म्हणजे दोन दिवस रजा. खोली स्वस्त मिळते, घाटात रांगही नसते. तीन सहलींचे ४५-५० हजार धरा. लाखातले उरलेले ५० हजार बाजूला टाकत गेलात, तर मोठी सुट्टी दर अडीच वर्षांनी कर्जाशिवाय होते. मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं. दोघांना एकदम नऊ दिवस रजा दरवर्षी मिळेल याची खात्री नसताना सगळे पैसे एकाच तारखेवर लावू नयेत.