थायरॉइडच्या गोळीसाठी कॅलेंडर लावताना

गूगल कॅलेंडरचा अलर्ट इव्हेंटच्या आधी किंवा ठरल्या वेळेला वाजतो, नंतर नाही. म्हणून इव्हेंट गोळीच्या शेवटच्या वेळेवर ठेव. तुला सात बाराची लोकल गाठायची, चहा साडेसहाला. गोळी रिकाम्या पोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी. म्हणजे इव्हेंट सहाचा, रोज रिपीट, अलर्ट तीन: पंधरा मिनिटं आधी, पाच मिनिटं आधी आणि बरोबर सहाला. पहिल्यालाच गोळी घेतलीस तरी पुढचे दोन वाजणारच, म्हणून घेतल्याबरोबर इव्हेंटच्या नावापुढे ‘घेतली’ लिही; सेव्ह करताना मात्र फक्त ‘हा इव्हेंट’ निवड, नाहीतर उद्यापासून रोजच ‘घेतली’ दिसेल! कॅल्शियम त्याच इव्हेंटमध्ये कोंबू नकोस. दोन्हींत चार तासांचं अंतर लागतं, त्याचा रात्री वेगळा लाव. आणि फोन रात्री डू नॉट डिस्टर्बवर असेल तर तो पावणेसहाच्या आत सुटतो ना, बघ.