गोल बाल्कनी पाडायची की वाचवायची?

प्रश्न: "इमारत १९३६ची, समुद्राजवळ. गोल बाल्कन्यांच्या खालचा गिलावा पडतोय, सळया दिसतात. कंत्राटदार म्हणतो, पाडून सरळ कडेच्या नव्या बांधू, दुरुस्ती टिकणार नाही. खरंच पाडाव्या लागतील?"

खालून दिसणाऱ्या सळयांवरून हा निर्णय घेता येत नाही. बाल्कनी भिंतीतून बाहेर झेपावलेली असते, त्यामुळे ताण वरच्या अंगाला येतो आणि भार पेलणाऱ्या मुख्य सळया लादीखाली, वरच्या थरात असतात. खालचे पोपडे पडले की घाबरायला होतं, पण धोका बहुतेक वेळा वर, भिंतीला लागून असतो. म्हणून आधी भिंतीलगतच्या दोन-तीन लाद्या काढून पाहा. भिंतीला समांतर भेग असेल किंवा तिथल्या सळया बारीक झाल्या असतील, तर प्रकरण गंभीर. तिथे सळया शाबूत असतील, तर बाल्कनी बहुधा वाचते. अंतिम निर्णय मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरने आकडेमोड करूनच द्यायचा. तोवर बाल्कनीवर कुणाला उभं राहू देऊ नका.

त्याच वेळी लादीचे थर मोजा. जुन्या लादीवर नवी बसवली असेल, तर ५० मिमी मसाल्याचंच वजन चौरस मीटरला साधारण १०० किलो भरतं. ते उतरवणं हीच पहिली दुरुस्ती.

मग काँक्रीट तपासा. ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन फवारलं की निरोगी काँक्रीट गुलाबी होतं. जिथे रंग येत नाही तिथे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे अल्कता गेलेली असते आणि सळईचं संरक्षणही. पण सळई गंजवणारं मीठ या चाचणीत कळत नाही. मुंबईचं मरीन ड्राइव्ह, मायामी बीच, तेल अवीव, अशा गोल बाल्कन्यांच्या प्रसिद्ध वस्त्या समुद्रकाठच्याच. तिथे वेगवेगळ्या खोलीवर ड्रिलची भुकटी काढून तिच्यातलं मिठाचं क्लोराइड तपासावंच लागतं. ते न करता फक्त पडलेला भाग भरला, तर ठिगळाच्या कडेची जुनी सळई पूर्वीपेक्षा जोरात गंजते आणि काही वर्षांत ठिगळाभोवती नवे पोपडे येतात. 'दुरुस्ती टिकत नाही' म्हणतात ते बऱ्याचदा यामुळे. मीठ जास्त निघालं तर मिठाचं काँक्रीट पोपड्यांच्या पलीकडेही काढावं लागतं, किंवा ठिगळाच्या कडेने सळईला जस्ताचे अॅनोड, म्हणजे सळईऐवजी स्वतः झिजणारे तुकडे, बांधावे लागतात.

फोडण्याआधी टेकू द्या, तेही प्रत्येक मजल्याखाली थेट जमिनीपर्यंत. वरचा भार खालच्या बाल्कनीवर टाकू नका. टेकू फक्त टेकलेला हवा. टोकाशी जॅक जोरात आवळला तर स्लॅब उलटा वाकतो आणि ज्या बाजूला सळया कमी, तिथेच फुटतो.

गोलाई जाते ती याच टप्प्यावर. फोडण्याआधी कडेचं माप घ्या. समजा कडेच्या दोन बिंदूंमधलं सरळ अंतर २.४ मीटर आहे आणि मध्यभागी फुगवटा ०.३ मीटर. अंतराचा वर्ग भागिले फुगवट्याची आठपट, अधिक फुगवट्याचा निम्मा भाग: ५.७६ भागिले २.४, अधिक ०.१५, म्हणजे त्रिज्या २.५५ मीटर. तीन-चार ठिकाणी मोजा, कारण हातबांधणीत फरक असतोच. मग प्लायचा फर्मा कापा. कठड्यावरच्या आडव्या पट्ट्यांचा छेदही पत्र्यावर उतरवून ठेवा, नाहीतर गवंडी त्या गिलाव्यात बुजवून टाकतो. शटरिंगला अरुंद लाकडी पट्ट्या किंवा वाकणारा पातळ प्लाय वापरा. रुंद फळ्यांनी गोलाईला पैलू पडतात आणि तिरप्या उन्हात ते लगेच दिसतात.

सळया कुठे आहेत ते कव्हर मीटरने शोधून खडूने आखा. गोल कोपऱ्यात त्या पंख्यासारख्या पसरलेल्या असू शकतात; तिथे समांतर सळया टाकून चालणार नाही. काँक्रीट सळईच्या मागे २० ते २५ मिमीपर्यंत काढा, ठिगळाच्या कडा चौकोनी कापा, गंज पूर्ण घासा. जुन्या सळया गुळगुळीत असतात, त्यांची पकड टोकाला वळवलेल्या आकड्यावर बरीच अवलंबून असते, म्हणून तो आकडा कापू देऊ नका. सळई पाचव्या हिश्शाहून जास्त झिजली असेल तर जोड सळई देणं इंजिनिअरला ठरवू द्या.

शेवटी खालच्या कडेपासून चार-पाच सेंटीमीटर आत एक बारीक खाच असते, ती पाहा. कडेवरून आलेलं पाणी तिथेच थेंब होऊन गळतं. गिलावा करताना ती भरली, की पाणी छताच्या बाजूने आत भिंतीपर्यंत सरकतं. नव्या गिलाव्यात साधारण १० मिमीची खाच सलग, गोलाईबरोबर फिरवून ठेवा. रेलिंगच्या पाइपांचे खळगेही पाहा. पाइप गंजून फुगला की कठड्याला उभी भेग जाते. खळगा भरताना माथ्याला बाहेर उतार द्या, वाटी ठेवू नका.

इमारत वारसा यादीत असेल तर कडा सरळ करायला परवानगी मिळणं अवघड. फर्मे, मापं आणि फोटो अर्जाला जोडले तर दुरुस्तीची मंजुरी सोपी होते. कंत्राटदाराकडून कामाच्या तपशिलात 'गोलाई फर्म्याप्रमाणे, फरक ५ मिमीच्या आत' असं लेखी घ्या.