ऑपरेशनच्या व्रणाबद्दल बायकोला पत्र

प्रश्न: बायकोच्या पोटाचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले. व्रणामुळे ती खूप खचली आहे, माझ्यासमोर कपडेही बदलत नाही. तोंडाने बोलायला जमत नाही, पत्रात काय लिहू?

उत्तर: ‘व्रण दिसतसुद्धा नाही’ हे लिहू नका. तिला तो रोज दिसतो, मग बाकीच्या पत्रावरही तिचा विश्वास बसणार नाही.

सध्या व्रण लाल, टणक आणि थोडा उंच असेल, खाजही येत असेल. पहिले काही महिने तो असाच दिसतो, कारण आत कोलॅजन हे जखम सांधणारं नवं प्रथिन अजून तयार होत असतं. फिका आणि मऊ व्हायला साधारण वर्ष ते दीड वर्ष जातं. रेघ मात्र राहते, तेव्हा ती जाईल असं वचन देऊ नका.

बहुतेकदा खरी अडचण स्पर्शाची असते. दुखेल म्हणून नवरा लांब राहतो आणि बायकोला वाटतं, याला किळस येते. पत्रात तेच स्पष्ट करा. उदाहरणार्थ:

“तुझा व्रण मी पाहिलाय. तुला दुखेल या भीतीने मी हात मागे घेतो, दुसरं काही मनात नाही. कुठे हात लावलेला चालेल, ते तू सांग. नको वाटलं तर तसंही सांग, मला राग येणार नाही.”

एवढं पुरे, पानभर कौतुक नको. आणि हो, व्रण मूळ रेषेच्या बाहेर पसरत असेल तर तो कदाचित कीलॉइड, म्हणजे वाजवीपेक्षा जास्त वाढणारा व्रण असेल, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.