ठिबक शिकवताना बाटली आणि बॅरल जवळ ठेव

खानापूर-निपाणीकडच्या शेतकऱ्यांपुढे कागदावरची आकृती ठेवू नकोस. रानातच चुन्याच्या फक्कीने पंप, फिल्टर, मुख्य पाइप आणि नळ्या आखून दाखव.

मग बाटलीची परीक्षा घे. ताशी २ लिटरच्या ड्रिपरखाली ६ मिनिटांत २०० मिली पाणी जमायला हवं. नळीच्या तोंडाशी २००, पण टोकाला १३० मिळालं तर टोकाची गाठ सोडून गढूळ पाणी वाहू दे. सगळीकडेच कमी असेल तर आधी फिल्टर धू. ही तपासणी दर पंधरवड्याला.

हिशेब बॅरलनेच समजतो. २०० लिटरचं बॅरल ४० सेकंदांत भरलं, म्हणजे पंप ताशी १८,००० लिटर देतो. दहा गुंठे मिरचीला आठ दिवसांनी पाटाने तीन तास, म्हणजे ५४,०००. त्याच रानात २,१०० ड्रिपर रोज एक तास चालले तर आठ दिवसांत ३३,६००. वाचले २०,४०० लिटर.

वीजबिलाची बचत मात्र सांगू नकोस. कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज फुकट, लोक हसतील. पाणी पाजायच्या आणि भांगलणीच्या मजुरीचे रुपये त्यांच्याच तोंडून वदवून घे.